एका पावलातले व्होल्ट

नॉर्वेच्या दक्षिण भागात हार्डांगरविडा नावाचं एक विस्तीर्ण, उघडंबोडकं पठार आहे. २६ ऑगस्ट २०१६ रोजी तिथे मोठं वादळ झालं आणि वीज कोसळली. त्या एका घटनेत ३२३ रेनडिअर गेली. ती लांब लांब विखुरलेली नव्हती. वादळात ही जनावरं एकमेकांना खेटून उभी राहतात, तशीच ती एका उतारावर दाटीने पडलेली होती.

वीज एवढ्या सगळ्यांच्या अंगावर थेट पडणं शक्य नाही. विजेचा लोळ जमिनीला एखाद्या ठिकाणी शिवतो आणि तिथून प्रवाह जमिनीत पसरतो. तज्ज्ञांनी या मृत्यूंचं कारण सांगितलं ते हेच. पण मग प्रश्न असा उरतो, की लोळ पडला त्या जागेपासून वीस-तीस मीटरवर नुसतं उभं असलेलं जनावर का मरावं? त्याने कशालाही हात लावलेला नाही. त्याचे चारही पाय त्याच जमिनीवर आहेत.

उत्तर बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे, पण तिथे जमीन आणि जनावरं नाहीत. ‘विद्युत विभव’ नावाच्या प्रकरणात बिंदुप्रभार, अनंत अंतर, समविभव पृष्ठं आणि V = kq/r हे सूत्र भेटतं. गणितं सुटतात, गुण मिळतात, पण विभव म्हणजे नक्की काय हे अनेकांच्या मनात धूसरच राहतं. रेनडिअरचं कोडं सोडवता सोडवता ते स्पष्ट करता येईल.

विभव म्हणजे काय

एखाद्या प्रभाराच्या आसपास दुसरा प्रभार ठेवला की त्याच्यावर बल लागतं. धन प्रभाराजवळ दुसरा धन प्रभार न्यायचा तर प्रतिकर्षणाविरुद्ध ढकलावं लागतं, म्हणजेच कार्य करावं लागतं. हे कार्य वाया जात नाही, ते स्थितिज ऊर्जा म्हणून साठतं. सोडून दिल्यावर तो प्रभार दूर पळतो आणि तीच ऊर्जा परत देतो.

नेलेला प्रभार दुप्पट असेल तर कार्यही दुप्पट. म्हणून कार्याला त्या प्रभाराने भागलं की उरणारी संख्या फक्त जागेवर अवलंबून राहते, कोणता प्रभार तिथे आणला यावर नाही. हीच त्या बिंदूची विभव ही राशी. अनंत अंतरावरून एकक धन प्रभार त्या बिंदूपर्यंत सावकाश, म्हणजे त्याला गती न देता, आणण्यासाठी बाहेरून जे कार्य करावं लागतं ते म्हणजे विभव. एक कूलोम प्रभारामागे एक ज्यूल कार्य लागलं तर विभव एक व्होल्ट.

अवकाशातल्या प्रत्येक बिंदूला अशी एकच संख्या जोडून विजेचा सगळा हिशेब करता येतो, हे जॉर्ज ग्रीन याने १८२८ मध्ये एका निबंधात पद्धतशीरपणे मांडलं. ग्रीन इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळ वडिलांची पिठाची पवनचक्की चालवत असे आणि त्याचं शालेय शिक्षण जेमतेम वर्षभराचं होतं. निबंध त्याने वर्गणीदार गोळा करून छापला आणि तो बरीच वर्षं कोणाच्या फारसा लक्षातही आला नाही. १८४५ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्या हाती तो लागला आणि त्यांनी तो जगापुढे आणला.

ग्रीनच्या या मांडणीने सोय केवढी झाली ते एका उदाहरणात पाहू. ४ नॅनोकूलोमचा एक धन प्रभार जागेवर पक्का ठेवला आहे. त्याच्यापासून ६० सेंटिमीटरवर B हा बिंदू आणि २० सेंटिमीटरवर A हा बिंदू. २ मायक्रोकूलोमचा दुसरा धन प्रभार B पासून A पर्यंत न्यायचा आहे. कार्य किती?

पुष्कळ विद्यार्थी ‘कार्य = बल × अंतर’ हे पाठ असलेलं सूत्र लावतात. B जवळ विद्युत क्षेत्र मीटरला १०० व्होल्ट आहे, म्हणून बल ०.०००२ न्यूटन. अंतर ०.४ मीटर. कार्य आलं ०.००००८ ज्यूल. शेजारी बसलेला दुसरा विद्यार्थी A जवळचं बल घेतो. तिथे क्षेत्र मीटरला ९०० व्होल्ट, बल ०.००१८ न्यूटन, आणि कार्य येतं ०.०००७२ ज्यूल. प्रश्न एकच, सूत्रही एकच, पण उत्तरांत नऊपट फरक! वाटेत बल सतत बदलत असताना ते एकाच ठिकाणचं धरून चालल्यामुळे दोघेही चुकले.

मग करायचं काय? वाटेचे अगदी छोटे तुकडे पाडायचे. एका तुकड्याची टोकं r₁ आणि r₂ अंतरावर असतील आणि ती खूप जवळ असतील, तर r² च्या जागी r₁ × r₂ लिहिलं तरी बिघडत नाही. मग त्या तुकड्यावरचं कार्य असं होतं:

```
kqQ (r₁ − r₂) / (r₁ r₂) = kqQ (1/r₂ − 1/r₁)
```

आता सगळे तुकडे एकामागून एक बेरजेला घेतले की मधले सगळे बिंदू कटत जातात. एका तुकड्याचा शेवट हीच पुढच्याची सुरुवात, म्हणून एकदा अधिक आणि एकदा उणे. शेवटी फक्त पहिलं आणि शेवटचं अंतर उरतं. विभवाच्या सूत्रात अंतराचा वर्ग नसून साधं अंतर का असतं, त्याचं कारण या बेरजेत आहे.

आता आपलं उदाहरण विभवाने सोडवू:

```
kq  = 9×10⁹ × 4×10⁻⁹ = 36
V_A = 36 / 0.2 = 180 V
V_B = 36 / 0.6 = 60 V
W   = Q (V_A − V_B) = 2×10⁻⁶ × 120 = 2.4×10⁻⁴ J
```

बरोबर उत्तर ०.०००२४ ज्यूल. ते त्या दोन चुकीच्या उत्तरांच्या मधे आहे, आणि नेमकं कुठे हेही पाहण्यासारखं आहे. एकाची तिप्पट आणि दुसऱ्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे दोघांचा गुणोत्तर मध्य. r₁ × r₂ च्या युक्तीत तेच दडलेलं होतं.

इथे चिन्हाची काळजी घ्यावी लागते. Q गुणिले (शेवटचा विभव वजा सुरुवातीचा विभव) हे *आपण* केलेलं कार्य. विद्युत क्षेत्राने केलेलं कार्य त्याच्या बरोबर उलट चिन्हाचं. गणितात ‘बाह्य बलाने केलेलं कार्य’ विचारलं आहे की ‘क्षेत्राने केलेलं’, हे आधी वाचावं. शिवाय Q ऋण असेल तर त्याचं चिन्ह सूत्रात ठेवायचंच. ते आधीच गाळून शेवटी अंदाजाने लावायला गेलं की हमखास घोळ होतो.

समविभव पृष्ठं

वरच्या हिशेबात आपण B पासून A पर्यंत कोणत्या वाटेने गेलो याचा उल्लेखच आला नाही. सरळ रेषेत गेलो असो वा मोठा वळसा घालून, कार्य तेवढंच. आता प्रभार २० सेंटिमीटरवरच ठेवून, मधल्या प्रभाराभोवती फिरवला तर? अंतर बदललं नाही, विभव १८० व्होल्टच राहिला, फरक शून्य, म्हणून कार्यही शून्य. २० सेंटिमीटर त्रिज्येच्या त्या गोलाच्या पृष्ठावर कुठूनही कुठेही फिरा, कार्य करावं लागणार नाही. समान विभवाच्या बिंदूंनी बनलेलं असं पृष्ठ म्हणजे समविभव पृष्ठ.

आपल्या ४ नॅनोकूलोमच्या प्रभाराभोवती दर ३० व्होल्टला एक याप्रमाणे ही पृष्ठं काढू. १८० व्होल्टचा गोल २० सेंटिमीटर त्रिज्येचा. १५० चा २४ चा, १२० चा ३० चा, ९० चा ४० चा, ६० चा ६० चा आणि ३० व्होल्टचा थेट १२० सेंटिमीटरचा. दोन शेजारच्या गोलांमधली अंतरं ४, ६, १०, २० आणि ६० सेंटिमीटर अशी वाढत जातात. विभवातली उतरण प्रत्येक वेळी तेवढीच, पण ती जवळ चार सेंटिमीटरांत होते आणि दूर ६० सेंटिमीटरांत.

ट्रेकिंगला जाणाऱ्यांनी भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे पाहिले असतील. त्यात समान उंचीच्या ठिकाणांना जोडणाऱ्या समोच्च रेषा असतात. पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशात त्या सामान्यतः दर वीस मीटर उंचीला एक असतात. जिथे रेषा दाटलेल्या तिथे कडा, जिथे विरळ तिथे माळ. रेषेच्या कडेने चाललं तर चढ नाही, उतार नाही. समविभव पृष्ठांचं वाचन अगदी असंच करायचं. पृष्ठं दाट तिथे विद्युत क्षेत्र तीव्र, विरळ तिथे क्षीण. १५० आणि १२० व्होल्टच्या गोलांमधली ३० व्होल्टची उतरण ६ सेंटिमीटरांत होते, म्हणून तिथलं क्षेत्र मीटरला सुमारे ५०० व्होल्ट. विभव प्रति मीटर किती घसरतो, त्याचंच नाव विद्युत क्षेत्र.

क्षेत्राची दिशा पृष्ठाला नेहमी लंब असते, आणि ती चढ्या विभवाकडून उतरत्या विभवाकडे जाते. लंबच का? समजा क्षेत्र थोडं कललेलं असतं, तर त्याचा काही भाग पृष्ठाच्या दिशेने पडला असता. मग पृष्ठावरून प्रभार सरकवताना कार्य करावं लागलं असतं. पण पृष्ठावर विभव सगळीकडे सारखा, म्हणजे कार्य शून्य. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. दोन समविभव पृष्ठं एकमेकांना छेदू शकत नाहीत, हेही अशाच तर्काने कळतं. छेदली तर त्या बिंदूला दोन विभव मिळाले असते.

आता परीक्षेत अनेकांना अडवणारा एक प्रश्न. +४ आणि −४ नॅनोकूलोमचे दोन प्रभार २० सेंटिमीटर अंतरावर आहेत. बरोबर मध्यबिंदूवर विभव किती? एकाचा +३६० व्होल्ट, दुसऱ्याचा −३६० व्होल्ट, बेरीज शून्य. विभव शून्य म्हणून क्षेत्रही शून्य, असं लिहून पुढे गेलात तर गुण गेले. धन प्रभार त्या बिंदूपासून दूर ढकलतो, ऋण प्रभार आपल्याकडे ओढतो, आणि दोघांची दिशा एकच. प्रत्येकाचं क्षेत्र मीटरला ३६०० व्होल्ट, मिळून ७२००. दोन्ही प्रभार धन घेतले तर चित्र उलटतं. मध्यबिंदूवर क्षेत्र शून्य, पण विभव ७२० व्होल्ट.

म्हणजे एखाद्या बिंदूचा विभव किती आहे यावरून तिथे बल लागेल की नाही हे ठरत नाही. तो विभव आजूबाजूला *किती बदलतो* यावर ते ठरतं. रेनडिअरचं कोडं याच वाक्यावर सुटतं.

जमिनीतले गोल

विजेचा लोळ जमिनीला एका बिंदूत शिवला असं धरू. प्रवाह I जमिनीत शिरतो आणि सगळीकडे पसरतो. वर हवा आहे, तिकडे तो जात नाही, म्हणून तो अर्धगोलात पसरतो. r अंतरावरच्या अर्धगोलाचं क्षेत्रफळ 2πr². तेवढ्या पृष्ठातून सगळा प्रवाह जायचा, म्हणून प्रवाहाची घनता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. मातीची रोधकता ρ असेल तर विद्युत क्षेत्र म्हणजे रोधकता गुणिले प्रवाहघनता. क्षेत्र वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आलं, आणि वर पाहिलेली तुकड्यांची बेरीज जशीच्या तशी लागू झाली:

```
V = ρI / (2πr)
```

बिंदुप्रभाराचं kq/r आणि हे सूत्र यांचं रूप एकच. जमिनीत समविभव पृष्ठं अर्धगोल असतात. जमिनीवरून पाहिलं तर ती लोळाच्या जागेभोवतीची वर्तुळं दिसतील, जवळ दाट आणि दूर विरळ.

आता आकडे घालू. विजेच्या एका लोळाचा कमाल प्रवाह साधारण ३०,००० अँपियर धरतात. खडकाळ जमिनीची रोधकता आपण १,००० ओहम-मीटर मानू. जनावर लोळापासून २० मीटरवर, तोंड लोळाकडे करून उभं आहे. पुढचे पाय २० मीटरवर, मागचे १.२ मीटर आणखी लांब.

```
ρI / 2π = 1000 × 30000 / 6.283 ≈ 4.77×10⁶
पुढचे पाय: V = 4.77×10⁶ / 20.0 ≈ 2,38,700 V
मागचे पाय: V = 4.77×10⁶ / 21.2 ≈ 2,25,200 V
फरक ≈ 13,500 V
```

जमिनीचा विभव दोन लाखांच्या वर आहे, पण त्या आकड्याने जनावर मरत नाही. पुढच्या आणि मागच्या पायांमधल्या साडेतेरा हजार व्होल्टच्या फरकाने मरतो तो प्राणी. या फरकामुळे प्रवाह एका पायातून वर चढतो, शरीरातून जातो आणि दुसऱ्या पायातून जमिनीत उतरतो. ५० मीटरवर हाच फरक सुमारे २,२०० व्होल्ट राहतो. हेच जनावर २० मीटरवरच, पण लोळाकडे कूस करून उभं असेल, तर पुढचे-मागचे पाय जवळजवळ एकाच वर्तुळावर येतात आणि त्यांच्यातला फरक नगण्य होतो. अशा वेळी उरतो तो डाव्या-उजव्या पायांमधला, कमी अंतराचा, म्हणून कमी फरक. अर्थात एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या कळपात तोंडं सगळ्या दिशांना असतात, आणि प्रवाह एका अंगातून दुसऱ्या अंगातही जाऊ शकतो.

चार पायांच्या प्राण्यांना धोका जास्त असण्याची दोन कारणं या चित्रात दिसतात. त्यांच्या पायांमधलं अंतर माणसाच्या पावलापेक्षा मोठं असतं, आणि पुढच्या पायांतून मागच्या पायांत जाणारा प्रवाह छातीतून, हृदयाजवळून जातो. माणसाच्या एका पायातून दुसऱ्या पायात जाणाऱ्या प्रवाहाचा बराचसा भाग पोटाखालूनच निघून जातो. वळवाच्या पावसात झाडाखाली उभ्या असलेल्या गाई-म्हशी दगावतात आणि जवळचा माणूस कधी कधी वाचतो, यामागे हा एक हिशेब आहे. पण त्यावरून झाडाखाली थांबावं असं मात्र मुळीच नाही. तिथे लोळ थेट बुंध्यातून अंगावर उडी घेऊ शकतो.

हा हिशेब ढोबळ आहे, आणि तो कुठे मोडतो हेही माहीत असावं. सूत्रात r शून्याकडे नेला तर विभव अनंत होतो. खऱ्या जगात प्रवाह बिंदूतून नव्हे, काही आकाराच्या जागेतून जमिनीत शिरतो, म्हणून अगदी जवळ सूत्र वापरायचं नाही. माती सगळीकडे सारखी नसते, खाली खडक आणि वर ओलसर थर असतो. शिवाय विजेच्या प्रचंड क्षेत्रात मातीतही ठिणग्या पडतात. आकडे बरेच इकडेतिकडे होतील, पण पावलाचा फरक अंतरासोबत झपाट्याने, म्हणजे जवळपास वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, कमी होतो हा निष्कर्ष टिकतो.

पडलेली तार

वीज कोसळणं रोजचं नाही, पण पावसाळ्यात तुटून पडलेली तार आपल्याकडे गावोगाव दिसते. समजा ११ हजार व्होल्टच्या वाहिनीची एक तार शेतात पडली आहे आणि तिच्या टोकातून २० अँपियर प्रवाह जमिनीत शिरतो आहे. ओलसर मातीची रोधकता १०० ओहम-मीटर धरली तर विभव साधारण ३१८ भागिले अंतर एवढा येतो. एक मीटरवर ३१८ व्होल्ट, दोन मीटरवर १५९. म्हणजे तिथे टाकलेल्या एका मोठ्या पावलात १५९ व्होल्ट! पाच आणि सहा मीटरच्या दरम्यान टाकलेल्या पावलात साधारण साडेदहा व्होल्ट. तार प्रत्यक्षात लांब पसरलेली असते, त्यामुळे वर्तुळं बिंदूभोवती नसून तिच्या सगळ्या लांबीभोवती असतात, आणि अंतर तिच्या सर्वांत जवळच्या भागापासून मोजायला हवं.

अशा वेळी मोठा धोका असा, की तार पडली म्हणून पुरवठा आपोआप बंद होईलच असं नाही. कोरडी माती, वाळू किंवा डांबरी रस्ता प्रवाहाला एवढा अडवतो, की तो नेहमीच्या वापरातल्या प्रवाहाइतका किंवा त्याहून कमी असतो. उपकेंद्रातली संरक्षक यंत्रणा मोठ्या प्रवाहावर सावध होते, एवढ्या लहान प्रवाहावर कधी कधी होत नाही. ठिणगी नाही, आवाज नाही, आणि तार जिवंत. म्हणून पडलेली प्रत्येक तार चालूच आहे असं धरून वागायचं.

तारेच्या जवळ आहोत असं लक्षात आलं तर पळायचं नाही. पळताना दोन पावलांमधलं अंतर वाढतं आणि दोन पाय दोन वेगळ्या विभवांवर येतात. पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, टाचेपुढे टाच न टाकता छोट्या छोट्या सरकण्याने निदान दहा मीटर दूर जायचं. दोन्ही पाय एकमेकांना चिकटलेले असले की ते जवळपास एकाच समविभव पृष्ठावर राहतात. गाडीवर तार पडली असेल तर आत बसून राहायचं. गाडीचा धातूचा सांगाडा सगळा एकाच विभवावर असतो. उतरताना एक पाय जमिनीवर आणि हात दारावर, ही सर्वांत वाईट अवस्था. मग दूर गेल्यावर १९१२ या क्रमांकावर कळवायचं.

अभियंते हेच तत्त्व उलट बाजूने वापरतात. ४०० किलोव्होल्टच्या चालू वाहिनीवर काम करणारा कर्मचारी धातूच्या धाग्यांनी विणलेला पोशाख घालतो आणि कामाआधी स्वतःला तारेशी जोडून घेतो. त्याचा विभव जमिनीच्या मानाने दोन लाखांहून अधिक व्होल्ट होतो, पण त्याच्या अंगावर कुठेही फरक नसतो, म्हणून अंगातून प्रवाहही नसतो. त्याने जमिनीशी जोडलेल्या कशालाही हात लावायचा नाही, हा महत्त्वाचा नियम.

उपकेंद्रात गेलात तर जमिनीवर खडीचा थर दिसतो. ती तण उगवू नये एवढ्यासाठी पसरलेली नाही. खडीची रोधकता ओल्या मातीच्या कितीतरी पट जास्त, त्यामुळे बूट आणि जमीन यांच्यामधला रोध वाढतो आणि अंगातून जाणारा प्रवाह कमी होतो. त्या खडीखाली, साधारण अर्धा-पाऊण मीटर खोल, स्टीलच्या पट्ट्यांची जाळी पुरलेली असते. तिला अर्थ मॅट म्हणतात. दोष उद्भवला, प्रवाह जमिनीत गेला, की सगळ्या आवाराचा विभव एकदम वर चढतो, पण तो जाळीमुळे जवळपास एकसारखा चढतो. कुंपणाच्या आत समविभव पृष्ठं विरळ होतात आणि दाटी कुंपणाच्या कडेला सरकते. म्हणून जाळीच्या कडेला आणि कोपऱ्यांत पट्ट्या अधिक जवळ घालतात.

सोडवून पाहा

१. −६ नॅनोकूलोमचा प्रभार स्थिर आहे. त्याच्यापासून ३० सेंटिमीटरवर आणि ९० सेंटिमीटरवर विभव किती? +५ मायक्रोकूलोमचा प्रभार पहिल्या बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत न्यायला बाहेरून किती कार्य करावं लागेल?

उत्तर: −१८० आणि −६० व्होल्ट. विभवातला फरक +१२० व्होल्ट, म्हणून कार्य ०.०००६ ज्यूल. आकर्षणाविरुद्ध दूर ओढायचं आहे, म्हणून ते धन आलं.

२. एकसमान क्षेत्रात १०० आणि ८० व्होल्टची समविभव पृष्ठं ४ सेंटिमीटर अंतरावर आहेत. क्षेत्र किती आणि कोणत्या दिशेने? −३ मायक्रोकूलोमचा प्रभार १०० व्होल्टच्या पृष्ठावरून ८० च्या पृष्ठावर न्यायला बाहेरून किती कार्य?

उत्तर: क्षेत्र मीटरला ५०० व्होल्ट, १०० कडून ८० कडे. कार्य = (−३ मायक्रोकूलोम) × (−२० व्होल्ट) = +६० मायक्रोज्यूल. ऋण प्रभाराला चढ्या विभवाकडे जायचं असतं, आपण त्याला उतारावर ओढतो आहोत.

३. २०० ओहम-मीटर रोधकतेच्या जमिनीत एका बिंदूतून ५० अँपियर प्रवाह शिरतो आहे. ०.८ मीटरच्या पावलातला फरक २५ व्होल्टपेक्षा कमी व्हायला किती दूर असायला हवं?

उत्तर: विभव १५९२ भागिले r. पावलातला फरक १५९२ × ०.८ ÷ [r (r + ०.८)] आणि तो २५ हवा, म्हणजे r (r + ०.८) सुमारे ५१. हे द्विघाती समीकरण सोडवलं की r साधारण ६.८ मीटर. पाऊल निम्मं, म्हणजे ०.४ मीटर ठेवलं, तर हेच अंतर किती येतं ते काढून पाहा. ते पाच मीटरच्या आत येतं.